२१२ ते २६८

मुलुंड (पूर्व)
सोमवार, ४ ऑगस्ट १९८६

श्री. मार्तंड खोत यांस,

वर नमस्कार-चमत्कार काही लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. चार वर्षं आपण बोललेलो नाही, आणि आजही हे पत्र मी गरज म्हणून लिहिते आहे, मैत्री म्हणून नाही. मुळातच तसं सांगितलेलं बरं.

सोबतच्या पुड्यात एक कॅसेट आहे. आपल्या संस्थेच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात, इथे मुलुंडला, परवा शनिवारी मी शिकवत असताना ती भरली. संस्थेचे प्रमुख म्हणून अण्णांचा हुकूम आहे की तिच्या तीन प्रती काढून अंधेरी, बोरिवली आणि घाटकोपरच्या केंद्रांवर पंधरा तारखेच्या आत पोचल्या पाहिजेत. प्रती तुम्ही काढता. संस्थेचं दोन खणांचं मोठं यंत्र तुमच्या ताब्यात आहे. म्हणून तुम्हाला लिहिणं भाग आहे, नाहीतर लिहिलं नसतं.

पहिल्या बाजूवर 'मी घेतलेला एक निर्णय' या विषयावर बायकांनी इंग्रजीत बोलायचं होतं. त्यात माझी एक विद्यार्थिनी पाच-एक मिनिटं जे बोलली आहे, ते तिचं खाजगी आहे. बोलायच्या भरात बोलून गेली. वर्ग सुटल्यावर सगळ्या गेल्या तरी ही आपली दाराशी उभी. म्हणाली, "बाई, ते मशीन चालू होतं ना? तेवढं पुसून टाका ना. ही कॅसेट घाटकोपरला गेली तर माझी वाट लागेल." का, ते तिनं मला सांगितलं. मी तुम्हाला सांगणार नाही.

तेव्हा तेवढा भाग मुका करायचा आहे. मी स्वतः केला असता, पण माझ्या घरी असतं त्या केंद्राच्या यंत्राला माइक आतच बसवलेला आहे, बाहेरून जोडायला भोक नाही. मी त्यावर पुसायला गेले तर तिचं बोलणं जाईल, पण त्या जागी माझ्या घरातला पंखा आणि शेजारच्यांची भांडणं भरली जातील. मग ऐकणारी प्रत्येक बाई विचारणार, इथे काय होतं? नुसती शांतता असली तर कुणी विचारत नाही. यंत्र बिघडलं म्हणून पुढे जातात.

तुमच्या यंत्राला माइकचं भोक आहे हे मला ठाऊक आहे. त्यात माइकशिवाय नुसती रिकामी पिन घातली की आतला माइक बंद पडतो. मग रेकॉर्ड आणि प्ले ही दोन्ही बटणं एकदम दाबली की जुनं पुसलं जातं आणि नवं काही भरलं जात नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत हे तुम्हीच एकदा दाखवलं होतं. आणखी तीन गोष्टी. एक, चुकून कुणी पुसू नये म्हणून मी कॅसेटच्या मागच्या कडेची चिप मोडली आहे. त्या भोकावर सेलोटेप लावल्याशिवाय रेकॉर्डचं बटण खाली जाणार नाही. दोन, ब्लेडनं टेप कापून जोडायची हुशारी करू नका. मागच्या बाजूवर मुलाखतीचा धडा आहे, त्यालाही कात्री लागेल. तीन, मूळ कॅसेटवर हे झाल्याशिवाय एकही प्रत काढायची नाही.

आता मुख्य. कॅसेट सुरुवातीला नेऊन यंत्राच्या खिडकीतला फिरता आकडा शून्यावर आणला की २१२ ला ती बोलायला उभी राहते आणि २६८ ला खाली बसते. मी दोनदा मोजलं आहे. तुम्ही आवाजाचं बटण पूर्ण बंद ठेवायचं, आकड्यावर जायचं, २१२ ते २६८ मुकं करायचं, आणि कॅसेट बाहेर काढायची. ऐकायची नाही. आधी नाही, नंतर नाही, 'बरोबर जागी आहे ना बघू' म्हणूनही नाही. प्रती काढतानाही आवाज बंदच ठेवा. प्रतीला कान लागत नाहीत.

हे मी इतकं बजावून का लिहिते, ते तुम्हाला कळेल. माझ्या निरोप समारंभाच्या दिवशी तुमचं यंत्र 'चुकून' चालू राहिलं होतं. स्टाफरूममध्ये मी मुख्याध्यापिकाबाईंबद्दल जे बोलले, ते आठवड्याभरात त्यांच्या कानावर होतं. तेहतीस वर्षांच्या नोकरीचा शेवट मला त्या वाक्यानं करावा लागला. माझं मी सोसलं. ही मुलगी तेवीस वर्षांची आहे, आणि तिचं नुकसान माझ्यासारखं नुसतं नावाचं होणार नाही.

झालं की एका ओळीनं कळवा.

उत्तरा दळवी

०

मुलुंड (पूर्व)
सोमवार, ११ ऑगस्ट १९८६

श्री. खोत,

तुमचं कार्ड मिळालं. 'सांगितल्याप्रमाणे केले. ऐकले नाही. प्रती रवाना. मा. खोत.'

एका ओळीनं कळवा म्हटलं की माणूस दोन ओळी तरी लिहितो. तुम्ही खरंच एकच लिहिली. शिवाय 'ऐकले नाही' हे न विचारता लिहिलंत. ज्यानं ऐकलेलं नसतं त्याला ते लिहावंसं का वाटतं, हा प्रश्न मी दोन दिवस मनात घोळवते आहे. लहानपणी आमच्या शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस वर्गात शिरताच जी मुलगी आपणहून म्हणायची, 'आम्ही बोलत नव्हतो', तिलाच पहिली उभी करायच्या. बहुतेक वेळा त्या चुकत नसत.

असो. मूळ कॅसेट परत पाठवा. रजिस्टर करा, खर्च मी देईन. आणि उघड्या कार्डावर यापुढे ह्या विषयाचं अक्षर लिहू नका. आमचा पोस्टमन मराठी चौथी पास आहे आणि त्याचा त्याला अभिमान आहे.

मुलीला मी सांगितलं, काम झालं. ती पाया पडायला वाकली, मी वाकू दिलं नाही. त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा ती पहिल्या बाकावर बसली.

उत्तरा दळवी

०

मुलुंड (पूर्व)
बुधवार, २० ऑगस्ट १९८६

खोत,

काल रजिस्टर मिळालं. वर्गाहून आल्यावर दार लावून मी कॅसेट लावली.

माझा अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हचा धडा चालू आहे. फळ्यावर खडू वाजतो आहे. आणि मध्येच, वाक्य अर्धं असताना, शांतता. चार मिनिटं शांतता. मी म्हटलं, हे काय, इतक्या लवकर? शांतता संपली, आणि पुढे माझा आवाज: "नेक्स्ट, लता." आणि मग लता. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. एक अक्षर गेलेलं नाही.

शाबास.

तिचं नाव आता लिहिलंच आहे, तेव्हा बाकीचंही लिहिते. तुम्ही ते ऐकलेलं आहेच, माझ्याकडून कशाला लपवाछपवी? ती काय म्हणाली ते तुमच्या तोंडावर एकदा सांगते, म्हणजे तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळेल. ती म्हणाली, मी नवऱ्याच्या घरातून दोन वर्षांपूर्वी दिवाळीत पळाले. नवरा पट्ट्यानं मारायचा. मुलीला काखेत घेतलं आणि पळाले. मुलगी आता चार वर्षांची आहे. मी मुलुंडला कृष्णाबाई मावशीकडे राहते, पोस्टाच्या मागच्या चाळीत, आणि औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, सकाळची पाळी. नवऱ्याला वाटतं मी गावाला गेले. मावशीचं नाव, चाळ, पाळी, सगळं. इंग्रजीत बोलताना माणसाला वाटतं आपण कुणी दुसरंच आहोत, म्हणून ती बोलली. आणि मी काय केलं, माहीत आहे? ती 'फ्रॉम हाउस' म्हणाली तेव्हा मी मध्येच 'फ्रॉम द हाउस' म्हणून सुधारलं. तेही टेपवर आहे. तिनं सुधारून पुन्हा म्हटलं.

नवऱ्याची धाकटी बहीण, जयंती, आपल्या घाटकोपरच्या वर्गाला येते. ती भावाच्याच घरात राहते. नवऱ्यानं शपथ घेतली आहे की पोर सापडली तर उचलून नेणार आणि आईला पुन्हा तोंड दाखवू देणार नाही. म्हणून लता दाराशी उभी होती. आता कळलं? घाटकोपरची प्रत शनिवारच्या वर्गाला जाऊन मीच आणते.

चूक झाली असं सांगू नका. मी आकडे दिले होते. एक ते दहा मोजता येणाऱ्यालाही चुकता येणार नाही इतकं स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही दुसरीच जागा मुकी केलीत, म्हणजे पुसल्यासारखं दिसावं आणि हवं ते राहावं. स्टाफरूममधल्या ऐकण्यानं पोट भरलं नव्हतं वाटतं.

मी आज अण्णांना लिहिलं आहे. संस्थेचं यंत्र तुमच्या हातात राहू नये, एवढंच. कारण लिहिलं नाही, पण 'विश्वासघात' हा शब्द वापरला आहे आणि तो परत घेणार नाही.

उ. दळवी

०

मुलुंड (पूर्व)
सोमवार, २५ ऑगस्ट १९८६

खोतसर,

तुमचं पत्र शनिवारी आलं. चार पानं. तुम्ही इतकं लिहू शकता हे ठाऊक नव्हतं. त्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: 'बाई, तुमच्या यंत्राचा आकडा आणि माझ्या यंत्राचा आकडा एकच असतो, असे तुम्हाला कुणी सांगितले?'

मला राग आला. आकडा म्हणजे आकडा, तो यंत्रागणिक कसा बदलेल? तुम्ही लिहिलंत, तो मिनिटं मोजत नाही, फिरकीचे फेरे मोजतो, आणि प्रत्येक कंपनी दातेरी चाकं आपापल्या मापाची घालते. मला वाटलं, शास्त्राचा मास्तर पळवाट काढतो आहे. म्हणून काल मी खालच्या मजल्यावरच्या शकुकडे गेले. तिच्या मुलानं मस्कतहून यंत्र आणलं आहे. तिला म्हटलं, एक कॅसेट लावायची आहे. ती म्हणाली, "भजनं का हो मावशी?" म्हटलं, "हो, भजनंच." तिला चहा करायला स्वयंपाकघरात पाठवलं आणि कॅसेट शून्यावर आणून लावली.

माझ्या यंत्रावर लता २१२ ला उठते. शकुच्या यंत्रावर ती २८९ ला उठली.

मी शकुच्या पलंगावर बसूनच राहिले. ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, काय झालं? कुणी गेलं का?"

तुमच्या यंत्राचा आकडा शकुच्या यंत्रासारखाच पळत असणार. २१२ ला तुम्ही पोचलात तेव्हा मी अजून पॅसिव्हच शिकवत होते. तुम्ही तेच पुसलंत, मी सांगितलं तसं, काटेकोर, आवाज बंद ठेवून. एक कान दिला असतात तर जागीच कळलं असतं. पण कान द्यायचा नाही हे मीच बजावलं होतं. दुसऱ्या कुणालाही मी म्हटलं असतं, ऐकून नीट जागा बघा. तुम्हालाच म्हटलं नाही.

तुमच्या चौथ्या पानावर लिहिलं आहे की निरोपाच्या दिवशी यंत्र बंद करायला तुम्ही खरंच विसरला होता, आणि ती कॅसेट मुख्याध्यापिकाबाईंच्या हाती तुम्ही दिली नव्हती, कपाटातून त्यांनीच काढली. हे चार वर्षांनी का सांगता? तुम्ही लिहिता, 'तुम्ही विचारले नाही.' हे खरं आहे. पण ते खरं आहे म्हणून मला लगेच बरं वाटावं, अशी अपेक्षा ठेवू नका. पूर्ण विश्वास बसायला मला वेळ लागतो.

अण्णांना मी काल माणसाहाती दुसरं पत्र पाठवलं. 'विश्वासघात' हा शब्द परत घेतला, चूक माझी आहे, यंत्र खोतांकडेच ठेवावं, असं लिहिलं. अण्णांचा निरोप आला: "दळवीबाई, तुम्ही दोघं एकदा ठरवा, आणि मला मध्ये घालू नका." ते आपल्या जागी बरोबर आहेत.

आता गंभीर. तीन प्रती बाहेर आहेत. अंधेरी आणि बोरिवली तुम्हाला जवळ. कृपा करून पत्र मिळताच जाऊन आणा. कारण सांगायचं, आवाज खराब भरला आहे, नवी देतो. आणल्यावर या वेळी ऐका. नीट ऐका, आणि लताच्या जागी शांतता घाला. घाटकोपरला मी स्वतः शनिवारीच जाऊन आले. तिथली शिक्षिका कमळ चांगली आहे, पण बोलकी. म्हणाली, "कॅसेट ना? जयंती घेऊन गेलीय घरी. भाऊ रेडिओवाला आहे तिचा, घरात टेप आहे. पोरीला हौस आहे हो इंग्रजीची!"

मी विचारलं, कधी नेली? म्हणाली, मंगळवारी. परत? "पुढच्या शनिवारी आणते म्हणालीय."

चार दिवस ती कॅसेट त्या घरात होती, आणि अजून आहे. तिच्या घरी जाऊन मागावी का? गेले तर जयंती विचारेल, मुलुंडची बाई एका कॅसेटसाठी घाटकोपरला घरापर्यंत का आली? न ऐकलेलीही मग ऐकेल. म्हणून गेले नाही. हे शहाणपण होतं की भित्रेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

लताला मी सांगितलेलं नाही. उद्या मंगळवार, वर्ग आहे. उद्या सांगणार आहे. मावशीकडून पोरीला कुठे हलवायचं असेल तर तिला वेळ मिळाला पाहिजे. माझी अब्रू जाईल, ती जाऊ दे.

उत्तरा दळवी

०

मुलुंड (पूर्व)
बुधवार, ३ सप्टेंबर १९८६

खोतसर,

तुमच्या दोन्ही प्रती मिळाल्या. ऐकल्या. शांतता अगदी जागेवर आहे, आणि तिचं नाव घेतलेलंही तुम्ही पुसलंत. ते मला सुचलं नव्हतं.

लताला मी गेल्या मंगळवारी सांगितलं. तिनं आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती म्हणाली, "म्हणजे बाई, तुम्ही झालं म्हणालात तेव्हा तुम्ही ऐकून बघितलं नव्हतं?" नव्हतं. मूळ कॅसेट तेव्हा तुमच्याकडे होती, आणि मी तुमच्या एका ओळीवर संशय घेत बसले होते. काम झालं की नाही, याचा संशय मला आला नाही. असलं मी तिला काय सांगणार? म्हटलं, "नाही बघितलं." रात्रीच तिनं पोरीला मावशीच्या नणंदेकडे गोराईला पाठवलं. पाच दिवस ती पाळीला गेली नाही. मुकादमानं दोनदा बोलावणं पाठवलं.

शनिवारी जयंतीनं कॅसेट परत केली आणि कमळनं ती माझ्याकडे दिली. हातात घेताच मी मागची कडा बघितली. तुम्ही सगळ्या प्रतींच्या चिपा मोडता, ही तुमची सवय. त्या भोकावर औषधाची चिकटपट्टी लावलेली होती, जखमेवर लावतात ती, गुलाबीसर. चुकून कुणी भोकावर पट्टी लावत नाही. कुणीतरी मुद्दाम रेकॉर्डचं बटण दाबलं होतं.

काल वर्गानंतर लताला थांबवलं. दोघींनी माझ्या यंत्रावर ऐकलं. पॅसिव्ह. तुमची ती चुकीची शांतता. मग मी काहीतरी बोलते आहे, आणि 'नेक्स्ट' म्हणायच्या आधीच, खट्ट.

मग एक घर. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. शेजारी कुठेतरी रेडिओ. भांडं घासताहेत. माझ्याकडच्यासारखंच आत माइक असलेलं यंत्र असणार. लताची मान ताठ झाली. आणि एक पुरुष बोलला, अगदी जवळून:

"काय गं, एवढा वेळ कानाशी धरून बसलीयस? काही आवाज तर येत नाही."

मुलीचा आवाज: "बाई लिहायला लावतात रे. तेव्हा गप्प असतात."

"फुकटचे सेल जाळतेय. चहा टाक."

"टाकते ना. धडा संपू दे. पाच मिनिटं."

"मोठी मॅडम झाली बघ ही!"

मग पुन्हा स्टोव्ह. पुरुष कुणाला तरी बाहेर हाक मारतो. मुलगी एक शब्द बोलत नाही. नुसतं बसल्याचा आवाज येतो, असा काही आवाज असतो का, मला माहीत नाही, पण येतो. खट्ट. आणि माझा आवाज, पुढच्या बाईचं नाव घेताना. लताचा एक शब्द नाही, नाव नाही, माझं 'फ्रॉम द हाउस' नाही. आधीही थोडं जास्त पुसलं आहे, नंतरही. म्हणजे तिनं आधी पूर्ण ऐकलं होतं, कुठून कुठपर्यंत ते ठरवलं होतं, आणि मग बटण दाबलं होतं. भाऊ शेजारी उभा असताना.

लताला म्हटलं, "हा...?"

"हेच," ती म्हणाली. "आणि त्या जयंतीवन्सं."

मी काय, मी संशयीच. म्हटलं, "भावानं ऐकलं नसेल कशावरून? आधी ऐकलं असेल, आणि हे आपल्याला फसवायला केलं असेल."

लतानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची बाई आहे हे ती विसरलीच होती. "बाई, त्यांनी ऐकलं असतं तर ते घरात चहा मागत बसले असते का?"

मी यंत्र बंद केलं.

पुढे ती म्हणाली, "वन्सं माझ्या बाजूनं कधी एक शब्द बोलल्या नाहीत. पट्टा निघाला की त्या उठून नळावर जायच्या. मला वाटायचं, हिला काय त्याचं." मग तिनं पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा, 'मोठी मॅडम झाली बघ ही' आलं तेव्हा ती हसली, आणि मग रडली. मी पंख्याकडे बघत बसले.

पोर अजून गोराईलाच आहे. लता म्हणते, गणपतीनंतर आणते. मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांब. त्यावरून आमचं थोडं वाजलं.

ही कॅसेट आता तुमच्याकडे पाठवायची का? त्याचा आवाज आहे, तिचा आवाज आहे, कोर्टकचेरी झालीच तर कामाला येईल असं मला एकदा वाटलं. मग वाटलं, जयंतीनं एवढ्या धाकात पुसलं, आणि आपण तिचाच आवाज जपून ठेवायचा? लताला विचारलं. ती म्हणाली, "माझ्याकडे द्या." दिली. या वेळी ज्याचं आहे त्यालाच विचारलं, एवढं तरी माझ्या नावावर लिहा.

उत्तरा दळवी

०

मुलुंड (पूर्व)
शनिवार, ६ सप्टेंबर १९८६

खोतसर,

उद्या गणपती, कमळ रजेवर, म्हणून आज घाटकोपरचा वर्ग मी घेतला. मी होऊन मागून घेतला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

जयंती तिसऱ्या बाकावर बसते. एकोणीस-वीसची असेल, केस घट्ट बांधलेले, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर. मी तिच्याकडे जास्त पाहिलं नाही. मी मुलुंडची बाई हे तिला ठाऊक होतं, आवाज ओळखला असणारच, अकरा दिवस कॅसेट तिच्याकडेच होती. तासभर तिनं हात वर केला नाही.

तास संपताना उभी राहिली. सगळ्या वर्गासमोर, मोठ्यानं, जरा तोऱ्यातच म्हणाली, "बाई, ती मुलुंडची कॅसेट आमच्या मशीननं खराब केली. मध्येच दुसराच आवाज भरला गेलाय. माझी चूक झाली."

बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, "हिच्या घरी कायपण खराब होतं!"

ती माझ्याकडे सरळ बघत होती. माझी पूर्वीची मुलं खोटं बोलताना छताकडे बघायची, ही नाही. तेहतीस वर्षं मी वर्गातलं प्रत्येक खोटं पकडलं आहे, उभं करून, उलटसुलट विचारून, घामाघूम करून. आताही तोंडाशी सतरा प्रश्न आले होते. चिकटपट्टी कुठली? आधी किती वेळा ऐकलीस? त्यानं काही विचारलं का?

मी म्हटलं, "जुनं यंत्र असेल. हेडला स्पिरिटचा बोळा फिरवून घे. बस खाली."

ती बसली.

उत्तरा दळवी